कफन : तिसरा खर्डा आणि मधली तेरा मिनिटं

प्रेमचंदांच्या ‘कफन’ कथेच्या नाट्यरूपांतराचा दुसरा खर्डा स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचला. ५८ मिनिटं भरली, मर्यादा ४५ ची. शेकोटी १९, कफनाचे पैसे बापलेक पिऊन टाकतात तो गुत्ता २६, आणि मधली कफनासाठीची वर्गणी १३. नुसते शब्द मोजून हे कळत नाही, कारण ‘(स्तब्धता)’ लिहिलेली प्रत्येक जागा चार-पाच सेकंद खाते.

शेकोटीचा प्रवेश मात्र आता बसला आहे. माधव बायकोला बघायला आत जात नाही, कारण तो उठला की बाप घिसू बटाटे फस्त करील. कथेत हे निवेदक सांगतो. इथे एवढंच ठेवलं :

घिसू : आत जाऊन बघ.
(माधव अर्धा उठतो. निखाऱ्यातल्या बटाट्यांकडे बघतो. परत बसतो.)
माधव : भ्या वाटतं.
घिसू : मी हाय की हितं.

यावर माधवचं ‘म्हणूनच’ होतं, ते काढलं. नजरेने झालेलं काम शब्दाने पुन्हा केलं की प्रेक्षक पुढे जातो आणि नट मागे राहतो.

माधवची बायको बुधिया बाळंतकळा सोसत मरते, पण रंगमंचावर येतच नाही, फक्त विंगेतून कण्हणं. आधी ते पानोपानी होतं, कान सरावून जायचे. आता सहाच वेळा आहे. सहावं घिसू ठाकुराच्या लग्नातली पंगत रंगवतो तेव्हा, वाक्याच्या मधेच. त्यानंतर काही नाही. बापलेकांना पत्ता नसतो, प्रेक्षकाला लागतो. यामुळे सकाळी प्रेत सापडण्याचा तुकडाही गळला.

खरं घोडं अडलं वर्गणीत. जमीनदार दोन रुपये फेकतो, मग सावकार, मग गाव, असे पाच रुपये जमतात. दुसऱ्या खर्ड्यात यासाठी चार पात्रं आत-बाहेर करत होती आणि प्रत्येक जण तोच शोक, तोच उपदेश ऐकवत होता. ब्लॅकआउट घालून बघितले, पण तीन ब्लॅकआउट म्हणजे तीनदा ताण सुटणं. आता दोघे शेकोटीपाशीच बसून राहतात. मागून माणसं तिरडीचे बांबू नेतात, बायकांचं रडणं ऐकू येतं, आणि समोर पितळीत नाणी पडतात. घिसू फक्त आकडे बोलतो : दोन… तीन… पाच. दोन मिनिटांत आटोपतं. शेकोटीच्याच विटांवर फळी टाकली की गुत्ता. तिथल्या पुऱ्या खऱ्याच हव्यात, थर्माकोलच्या खाताना नटाचा जबडा खोटा दिसतो.

अजून दोन मिनिटं जास्त आहेत. ती पंगतीच्या वर्णनातून काढायची होती, पण तिथे हात लावला तर सहावं कण्हणं उघडं पडतं. म्हणजे कात्री गुत्त्यातच. उरलेल्या पुऱ्या ज्या भिकाऱ्याला देतात, त्याचे संवाद सगळे जाऊ शकतात.

हे लिहितानाच सुचलं : जमीनदार आणि भिकारी एकाच नटाला द्यायचे. दोन रुपये फेकणारा हात आणि पुऱ्यांसाठी पसरलेला हात एकच. मग जमीनदाराचा चेहरा अंधारात हवा, प्रकाश फक्त हातावर. चौथा खर्डा तिथून सुरू.