तुम्ही विचारलंत म्हणून: बिनहवेचा टायर

"दादा, पंक्चर न होणारे टायर आलेत ना आता? मग आपल्या स्कूटरला का नाही लावत? की कंपन्याच दाबून ठेवतात?"

कंपन्या दाबून ठेवत नाहीत. मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीने बिनहवेचं चाक २००५ मध्ये जगाला दाखवलं आणि पुढे ते बांधकामावरच्या छोट्या लोडरसाठी विकायलाही काढलं. २०१९ मध्ये जनरल मोटर्सला सोबत घेऊन त्यांनी जाहीर केलं की २०२४ च्या सुमारास असा टायर मोटारींवर येईल. २०२४ येऊन गेलं. सिंगापूरला डीएचएल या कुरिअर कंपनीच्या आणि फ्रान्सला टपाल खात्याच्या काही गाड्यांवर ते टायर धावले, पण दुकानात जाऊन आपल्या गाडीला बसवून घ्यावा असा टायर काही मिळाला नाही. ज्याला वीस वर्षं पैसा ओतून जमत नाही, तो दाबून काय ठेवणार?

हे मी रागाने लिहितोय, कारण लग्नात, लिफ्टमध्ये, गॅरेजच्या दारात मला हेच विचारतात. कुर्ल्याला डिलिव्हरीच्या इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याने देणाऱ्यांचं गॅरेज मी सांभाळतो. पंक्चर म्हणजे काय ते मला शिकवू नका. मेट्रोच्या कामाशेजारून गेलेल्या गाडीच्या टायरमधून आम्ही तारेचे तुकडे, स्क्रू, पत्र्याच्या चकत्या असं काय काय उपसलेलं आहे. हवेचं मला काही प्रेम नाही.

पण हवा काय काम करते ते आधी बघा. साध्या पेट्रोल स्कूटरवर हवेच्या दाबाचा स्टिकर असतो: मागच्या चाकाला एकट्यासाठी २९ पीएसआय, मागे कोणी बसणार असेल तर ३६. बहुतेक लोक तो वाचत नाहीत. एकटा माणूस बसल्यावर मागच्या चाकावर साधारण १०५ किलो येतात असं धरा. २९ चा दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम दोन किलो. म्हणजे रस्त्याला टेकणारा टायरचा पट्टा झाला बावन्न-त्रेपन्न चौरस सेंटीमीटर, अर्ध्या तळहाताएवढा. आता मागे बायको बसली आणि भार गेला १६५ किलोवर. हवा तीच ठेवली तर पट्टा ऐंशीच्या वर जातो, टायर बसतो, बाजू वाकून वाकून तापतात. हवा ३६ केली की पट्टा पुन्हा पासष्टच्या आसपास येतो. पंपावर अर्ध्या मिनिटात, फुकटात, तुम्ही टायरचा कडकपणा बदललात. बिनहवेच्या टायरचा कडकपणा कारखान्यात एकदा ठरतो. जोडप्यासाठी बनवला तर एकट्याला दगड, एकट्यासाठी बनवला तर जोडप्याला लिबलिबीत. तुमच्या सोयीसाठी त्याला मधे कुठे फिरवायची कळ नाही.

मोटारीच्या बाबतीत मिशलिनवाल्यांनी यावर खरंच हुशारी लढवली आहे, आणि ती मला मनापासून आवडते. बाहेर एक रुंद, वाकणारा पण लांबी न बदलणारा पट्टा, त्यावर रबराची नक्षी, आत हब, दोघांना जोडणारे पातळ लवचीक स्पोक. लोकांना वाटतं खालचे स्पोक गाडी उचलतात. उलट आहे. खालचे स्पोक रस्त्याशी येताच दुमडतात, ते जवळजवळ काहीच उचलत नाहीत. वरचे स्पोक ताणले जातात आणि धुरा त्यांना झोपाळ्यासारखी लटकते. मिशलिनच्या नव्या टायरमध्ये हे स्पोक रबर आणि काचतंतू घातलेल्या रेझिनचे आहेत, म्हणून लाखो वेळा दुमडूनही ते लगेच तुटत नाहीत.

अडचण तिथेच सुरू होते. समजा साठ स्पोक आहेत आणि चाकाचा घेर १.९ मीटर. ताशी ८० ला चाक सेकंदाला पावणेबारा वेळा फिरतं. म्हणजे प्रत्येक स्पोक सेकंदाला तितक्या वेळा दुमडून सुटतो, आणि साठांचे मिळून सातशे ठोके पडतात. ते कानाला घरघर म्हणून ऐकू येतात. पहिल्या पिढीच्या चाकांची ८० च्या वर हीच तक्रार होती. दुसरं, वाकलेलं रबर-प्लास्टिक सरळ होताना सगळी ताकद परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून ठेवून घेतं. हवा जवळजवळ सगळी परत देते. कमी वेगाच्या लोडरला ही उष्णता चालते. एक्स्प्रेसवेवर तासभर पळणाऱ्या गाडीला तीच आयुष्य, मायलेज आणि वेग तिन्हीकडून कापते.

आणि हा सगळा हिशोब सपाट पट्ट्याचा आहे. मोटार वळताना कलत नाही, दुचाकी कलते. दुचाकीचा टायर म्हणूनच गोल असतो, वळणावर टेकणारी जागा कडेकडे सरकत जाते. मोटारीचा सपाट पट्टा स्कूटरला दिला तर कललेली गाडी त्याच्या एका काठावर उभी राहील. म्हणून स्कूटरसाठी बाजारात जे येतं ते वेगळंच असतं: भोकं पाडलेलं भरीव रबर, मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसणारं. त्यात लटकण्याबिटकण्याचा प्रकार नाही, सरळ दाबलं जाणारं रबर.

आमच्या मालकांनी असेच टायर मागवले. पुरवठादाराचं नाव घेणार नाही. आपले नियम आणि टायरची भारतीय मानकं हवेच्या टायरसाठी लिहिलेली आहेत. पण ताशी २५ च्या आतली, २५० वॅटच्या आतल्या मोटरची हलकी स्कूटर कायद्याने मोटार वाहनच धरली जात नाही, त्यामुळे तिच्यावर हे चढवायला कोणी अडवत नाही. मी तेव्हा या टायरच्या बाजूने भांडलो होतो. आजही अर्धा तिथेच उभा आहे.

बसवतानाच शंका यायला हवी होती असं आमचे जुने मेकॅनिक चाचा म्हणतात. साबणाचं पाणी, दोन लिव्हर आणि दोन माणसांचा जोर लावून टायर रिमवर चढला. घट्ट बसला म्हणून सगळे खूश. पण हवेचा टायर रिमवर घट्ट राहतो तो आतून हवा त्याच्या कडा सतत रिमच्या ओठावर दाबत असते म्हणून. इथे दाबणारं कोणी नाही. रबराने आपल्याच ताणाने रिमला धरून ठेवायचं, बस. चाचांनी न विचारता पांढऱ्या ऑइलपेंटने टायर आणि रिम दोन्हींवरून जाणारी एक रेघ मारली. मी हसलो होतो.

उन्हाळा छान गेला. पंक्चर बंद. रायडर हाताला मुंग्या येतात म्हणायचे, हब मोटरच्या वायरीची कनेक्शनं सैल व्हायची, कारण आधी टायर जे धक्के गिळायचा ते आता पुढे जात होते. ते आम्ही आवळत राहिलो. मग जुलै आला.

एक रायडर साकीनाक्याहून चांदिवलीकडे निघाला होता. पाऊस, पाठीवर भरलेली बॅग, वळणावर पेव्हर ब्लॉक. त्याने मागचा ब्रेक धरला आणि मागचं चाक बाजूला निघून गेलं. हासळी मोडली. वेग वीसच्याही आत होता, नाहीतर मागून येणारी बस होती. त्याची बायको गॅरेजला आली आणि मला म्हणाली, "भाऊ, तुम्हीच म्हणाला होतात ना हा टायर चांगला?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पंक्चर तर नव्हतं झालं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

स्कूटर टेम्पोत घालून आणली. चाचांची रेघ तुटली होती: रिमवरचा अर्धा भाग आणि टायरवरचा अर्धा भाग यांत चांगली चार बोटं अंतर. म्हणजे ब्रेक लागला की रिम थांबायची आणि टायर तिच्यावरून घसरत राहायचा. हे एका दिवसात झालेलं नव्हतं. डाव्या बाजूला टायरची कड रिमच्या ओठाबाहेर चढलेली. पोळ्याच्या भोकांत चिखल भरून घट्ट झालेला, एका घरात खडी अडकलेली, आणि तिच्या शेजारची रबराची भिंत उभी फाटलेली. आत खडी असली की त्या जागी टायर दबत नाही, प्रत्येक फेरीला तिथे एक ठोका बसतो आणि भिंत चिरत जाते. वरचं रबरही लवकर झिजू नये म्हणून कडक घेतलेलं; ओल्या पेव्हरवर ते साबणासारखंच वागणार.

पुरवठादार म्हणाला, जास्त वजन घातलंत. टायरवर ७५ किलोची मर्यादा छापलेली होती हे खरं. माणूस, बॅग, बॅटरी धरून मागच्या चाकावर त्याहून जास्त येत होतं हेही खरं. पण डिलिव्हरीला रिकामी बॅग घेऊन कोण फिरतं? आधी टायर रिमवर सरकला, की आधी पेव्हरवर घसरला आणि मग कड चढली, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मीही नाही.

म्हणून आता कोणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो: किती वेग, किती वजन, पावसात चालवणार का. सोसायटीच्या आवारात, एकट्याने, पंधरा-वीसच्या वेगाने फिरायचं असेल तर भरीव रबर लावा. लावल्यावर रिम आणि टायरवर पेंटची रेघ मारा आणि दर आठवड्याला बघा. बोटभर सरकली की टायर काढा. भोकं धुवा. रोजच्या रस्त्यावर, मागे माणूस बसवून, तर नाही. ट्यूबलेस लावा, पंक्चरची पट्टी आणि छोटा पंप सीटखाली ठेवा आणि स्टिकरवरचा आकडा पाळा.

यावर तो पडलेला रायडर, आता बरा झालेला, माझ्याशी भांडतो. त्याचं म्हणणं, घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर रात्री अकराला पंक्चर झालं की माझा दिवस बुडतो, तुमचा नाही. त्याला तोच टायर परत हवा आहे, फक्त पाऊस सोडून. मालकांनी उरलेले टायर पवईतल्या एका संकुलात आतल्या आत फिरणाऱ्या गाड्यांवर चढवलेत. ऑक्टोबरात ते रस्त्यावर आणायचे की नाही यावर त्याचं आणि माझं अजून पटलेलं नाही.