तारीख टाकू नका

"सही करा, तारीख टाकू नका. ती आम्ही टाकू."

भाचा आज कारकून म्हणून रुजू झाला. नेमणुकीच्या कागदांच्या गठ्ठ्यातच राजीनाम्याचा छापील कागद होता: 'मी स्वेच्छेने नोकरी सोडत आहे.' त्याने सही केली आणि सवयीने खाली आजची तारीख घातली. ऑफिसातल्या बाईंनी तो कागद फाडला आणि दुसरा पुढे केला.

त्या फाडण्यातच सगळं आलं. रुजू व्हायच्या दिवशीच कोण राजीनामा देतो? तारखेसकट तो कागद त्यांच्या काहीच कामाचा नाही. तारीख कोरी असली की हवी तेव्हा भरता येते. मग कामावरून काढलं असं होतच नाही. नोटीस नाही, भरपाई नाही, 'तो स्वतःच गेला.' भांडायला जावं तर सही आपलीच.

दुसऱ्या कागदावर त्याने मुकाट्याने सही केली. नोकरी हवी होती, मी काय रागावणार? एवढंच म्हटलं, आज रात्रीच सगळा प्रसंग स्वतःला मेल करून ठेव, कोण काय म्हणालं ते शब्दशः. मेलवर आजची तारीख आपोआप पडते, ती मागाहून बदलणं सोपं नसतं. पुरावा तोकडा आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

तुमच्यापैकी कोणी असा कागद परत मागितलाय का? मिळाला?