नव्वद दिवसांची नोटीस आणि १२ जून

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आईच्या डाव्या हातावर फिस्टुलाचं ऑपरेशन झालं. डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून ठेवतात, ती फुगून सुईला तयार व्हायला काही आठवडे जावे लागतात. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "जूनच्या मध्यापर्यंत हात तयार होईल. मग आठवड्यातून तीनदा यावं लागेल, आणि सोबत कुणीतरी लागेलच." सोबतीला मीच होते, दुसरं कुणी नाही. मी मात्र वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात सहा वर्षं अकाउंट्स सांभाळत होते आणि माझ्या नेमणूकपत्रात नव्वद दिवसांची नोटीस लिहिलेली होती.

त्या रात्री पहिलं पत्र लिहिलं. दोन पानं झाली. आईचा आजार कधी सुरू झाला, कोणकोणत्या दवाखान्यांत गेलो, मला किती वाईट वाटतंय, सगळं त्यात होतं. खाली एकच ओळ: "माझा राजीनामा १२ जूनपासून लागू समजावा." सकाळी नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, "हे विनंतीपत्र आहे की कळवणं?" प्रश्न बरोबर होता. मी नेमणूकपत्र काढून नोटिशीचं कलम नीट वाचलं. त्यात तीन गोष्टी होत्या. नव्वद दिवसांची नोटीस द्यायची, नाहीतर कमी पडलेल्या दिवसांचा मूळ पगार भरायचा, आणि व्यवस्थापनाची संमती असेल तर मुदत कमी होऊ शकते. म्हणजे १२ जून ही तारीख मी जाहीर करण्याची नव्हतीच, ती मागायची होती. नुसतं "१२ जूनपासून लागू" लिहून निघून गेले असते तर कंपनीच्या नजरेत ती अर्धवट सोडलेली नोटीस ठरली असती, आणि पुढे रिलीव्हिंग लेटर अडलं असतं तर मला बोलायला तोंड राहिलं नसतं.

म्हणून दुसऱ्या पत्रात दोन्ही तारखा लिहिल्या. पत्र इंग्रजीत दिलं होतं, पण त्यातला मुख्य मजकूर मराठीत असा:

"मी आज, २ मे रोजी, पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील अटीनुसार माझी नोटीस ३० जुलैला पूर्ण होते. माझ्या आईचे डायलिसिस लातूर येथे जूनच्या मध्यापासून, आठवड्यातून तीन वेळा सुरू होणार असून सोबत राहणारी मी एकटीच आहे. त्यामुळे मला १२ जून रोजी कामाची वेळ संपल्यावर मुक्त करावे, अशी विनंती आहे. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. कमी पडणाऱ्या ४८ दिवसांपैकी माझ्या शिल्लक २१ रजा वळत्या करून घ्याव्यात. उरलेल्या २७ दिवसांबाबत व्यवस्थापन जो निर्णय घेईल तो मला मान्य असेल. काम सुपूर्द करण्याचा आराखडा जोडला आहे."

कारणाला तीनच वाक्यं दिली. आजाराची हकीकत ऐकून साहेबांचं मन हललं असतं, पण त्यांना लेखी निर्णय घ्यायचा होता. त्यासाठी त्यांच्या हातात तारीख, ठिकाण आणि कागद असणं मला जास्त उपयोगाचं वाटलं. पगार कमी, बढती नाही अशी कुठलीही तक्रार पत्रात घातली नाही. मनात होत्या, पण त्या या विनंतीच्या आड आल्या असत्या.

२७ दिवसांचा आकडा मी आधी घरी मांडून पाहिला. माझा मूळ पगार १८,००० आणि एकूण ३६,०००. मूळ पगाराने दिवसाचे ६०० रुपये, म्हणजे १६,२००. एकूण पगाराने धरलं तर थेट ३२,४००. आमच्या कलमात "मूळ" हा शब्द होता म्हणून निभावलं. ज्यांच्या पत्रात "एकूण पगार" लिहिलेलं असतं त्यांना दुप्पट बसतो, तेव्हा पत्र द्यायच्या आधी हा एक शब्द शोधावा. रजा वळती करणं म्हणजेही फुकटची सवलत नाही. त्या २१ रजांचे पैसे मला शेवटच्या हिशेबात मिळाले असते, ते मी सोडत होते.

१२ जूनच का, १ जून किंवा ३१ मे का नाही, हे आराखड्यात होतं, आणि माझ्या मते सगळी विनंती त्यावरच तरली. अकाउंट्सचं काम महिन्याच्या चक्राने फिरतं. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला थ्री-बी म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं विवरणपत्र. नव्या माणसाने हे चक्र एकदा बघावं आणि एकदा स्वतः फिरवावं एवढं झालं की मला सोडायला हरकत नव्हती. २ मे ते १२ जूनमध्ये हे जवळजवळ बसत होतं. मेमधलं चक्र मी करणार आणि आमची ज्युनिअर शेजारी बसून लिहून घेणार. जूनमधलं ती करणार आणि मी फक्त बघणार. मे अखेरची चौथ्या तिमाहीची टीडीएस विवरणपत्रं मी पूर्ण करून जाणार. उरत होते १५ आणि २० जून.

आमच्या मॅनेजर सरांनी पत्र वाचून पहिलं बोट तिथेच ठेवलं. "थ्री-बी वीसला आहे. तू बाराला जाणार. त्या दिवशी काही अडलं तर?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. आराखड्यात ओळ होती: २० जूनपर्यंत रोज संध्याकाळी ६ ते ७ मी फोनवर असेन, १४ तारखेला टू-बी, म्हणजे पुरवठादारांच्या बिलांवरच्या जीएसटीचं किती क्रेडिट मिळेल ते दाखवणारा पोर्टलवरचा तक्ता, आला की त्याचा ताळा ज्युनिअर करेल आणि मला दाखवेल. "कधीही फोन करा" असं मुद्दाम लिहिलं नाही. दवाखान्यात बसून मी ते पाळू शकले नसते. तासाभराची वेळ पाळू शकत होते.

सर म्हणाले, "आणि ही मुलगी करू शकेल असं तुला वाटतं?"

"सर, मला वाटून उपयोग नाही. १ जूनपासून मी कीबोर्डला हात लावणार नाही. सातचं चलन तिने भरलं, अकराचं विवरणपत्र तिने टाकलं, तर तुम्हाला दिसेलच. नाही जमलं तर तेव्हा आपण पुन्हा बोलू."

यावर ते थोडे सैल झाले. पत्र मोठ्या साहेबांकडे गेलं. मी ऑफिस कॉपीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन पोच जपून ठेवली, शिवाय तेच पत्र मेलनेही पाठवलं. नोटिशीचे दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे यावरून पुढे शब्द वाढू शकतात.

उत्तर आठ दिवसांनी आलं. १२ जून मान्य, रजा वळत्या करणार, २७ पैकी १५ दिवस माफ आणि १२ दिवसांचे ७,२०० रुपये कापणार. मी तोंडी होकारावर थांबले नाही, मेलवर लिहून मागितलं. त्यात १२ जून हा कामाचा शेवटचा दिवस असल्याचं आणि कपातीनंतर आणखी कुठलाही दिवस बाकी नसल्याचं स्पष्ट लिहून घेतलं. कापलेल्या नोटिशीच्या पैशांवर जीएसटी लावायचा का, हे ज्युनिअरने विचारलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण प्रश्न अभ्यासाचा होता. तो लागत नाही. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सरकारने तसा खुलासा केला आहे.

खरी अडचण मात्र आराखड्यात लिहिलेल्या कामांत निघालीच नाही. मी कामांची यादी करताना "काय करते" एवढंच लिहिलं होतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जीएसटीआर-१ दाखल करताना ज्युनिअरने वहीत टिपलं, "ओटीपी, ताईंच्या मोबाईलवर." तिथे माझ्या लक्षात आलं. पोर्टलवर सही साहेबांची होती, पण नोंदवलेला मोबाईल आणि ईमेल सहा वर्षांपूर्वी सोयीसाठी माझा दिलेला. टीडीएसच्या लॉगिनलाही तेच, बँकेच्या एका खात्यालाही तेच. मी गेल्यावर प्रत्येक विवरणपत्र लातूरच्या एका फोनवर अडकलं असतं, आणि तेही मी आईजवळ सुईच्या खोलीबाहेर बसलेली असताना.

मग आराखड्याला दुसरं पान जोडलं: फक्त माझ्या फोनमध्ये किंवा माझ्या डोक्यात असलेल्या गोष्टी. पोर्टलवरचा मोबाईल आणि ईमेल बदलून कंपनीच्या नावाचे केले. बँकेत साहेबांच्या सहीचा अर्ज दिला, त्याला सगळ्यात जास्त, दहा दिवस लागले. डोक्यातल्या गोष्टी जास्त त्रासाच्या होत्या. चिखलठाण्याचा एक पुरवठादार आपलं विवरणपत्र ११ नंतरच भरतो, त्यामुळे त्याचं बिल त्या महिन्याच्या टू-बीत दिसत नाही आणि क्रेडिट पुढच्या महिन्यात घ्यावं लागतं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी दर महिन्याला आठवणीने ते बाजूला ठेवत होते. अशी अकरा पुरवठादारांची नोंद निघाली. ती लिहिताना वाटलं, हे मी सहा वर्षांपूर्वीच लिहून ठेवायला हवं होतं.

७ जूनचं चलन ज्युनिअरने ५ तारखेलाच भरलं. ११ ला जीएसटीआर-१ टाकताना तिने एका क्रेडिट नोटची तारीख चुकवली, आणि दाखल करायच्या आधी स्वतःच पकडली. मी मागे उभी होते, हात पाठीशी धरून. सरही येऊन बघून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक विभागाची नो ड्यूजवर सही घेतली, ओळखपत्र आणि कपाटाच्या किल्ल्या दिल्या, सोपवलेल्या कामाच्या प्रत्येक पानावर तिची, माझी आणि सरांची सही झाली. एक प्रत माझ्याकडे आहे.

आईचा डायलिसिस १७ जूनला सुरू झाला. २० ला दुसरी वेळ होती. संध्याकाळी सहाला मी फोन हातात घेऊन बाकावर बसले. सव्वासहाला फोन आला.

"ताई, थ्री-बी गेला. चिखलठाण्याचं बिल बाजूला ठेवलंय."

मी विचारलं, "पोर्टलचा ओटीपी?"

"कंपनीच्या मोबाईलवर आला, साहेबांनी वाचून दाखवला."