चौदा सेकंदांचा घोळ

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका काकांच्या कुंद्याची जाहिरात मी दिवाळीआधी यूट्यूबवर चालवली. ४० सेकंदांची, मराठीत. भाग बेळगाव, खानापूर, निपाणी. आठवड्यात ती १०,००० वेळा दिसली, व्ह्यू १,९००. म्हणजे व्ह्यू-थ्रू रेट १९ टक्के, आणि लोकांनी सरासरी १४ सेकंद पाहिली.

"चौदाव्या सेकंदाला लोक कंटाळतात की रे! तेवढीच ठेव," काका म्हणाले.

मलाही क्षणभर पटलं. पण सरासरी तशी वाचायची नसते. पाच सेकंदांनी स्किपचं बटण येतं आणि तिथंच निम्मे लोक जातात. उरलेल्यांपैकी काही शेवटपर्यंत बसतात. दोघांची मिळून सरासरी चौदा.

मग जाहिरातीच्या लांबीचे चार टप्पे काढले. पहिले २५ टक्के, म्हणजे १० व्या सेकंदापर्यंत ४,२०० जण होते, २० व्या सेकंदाला २,१००, ३० व्याला १,९००, शेवटी १,७००. एवढी लांब जाहिरात असली की ३० सेकंद पाहिल्यावर किंवा तिच्यावर क्लिक केल्यावरच व्ह्यू धरतात, म्हणून व्ह्यूचा आकडा तिसऱ्या टप्प्याला जुळतो. विसाव्यानंतर गळती जवळपास नाहीच. जे काय बिघडलं ते १० ते २० च्या मध्ये.

काकांना भाषेची शंका आली. इथं घरोघरी मराठी-कानडी दोन्ही, त्यामुळं शंका रास्तच. पण निवेदन पहिल्या सेकंदापासून मराठी होतं. ज्याला भाषा नको तो स्किप दिसताच गेला असता, दहा सेकंद थांबला नसता.

नेमका सेकंद टप्प्यांवरून कळत नाही. व्हिडिओ अनलिस्टेड होता, जाहिरातीशिवाय कुणी पाहत नव्हतं, म्हणून यूट्यूब स्टुडिओमधला रिटेन्शनचा, म्हणजे कुठल्या सेकंदाला किती जण टिकले त्याचा आलेख उघडला. तेराव्या सेकंदाला कडा तुटल्यासारखी रेघ खाली. तिथं उकळतं दूध, कढई सगळं संपून काकांच्या वडिलांचा फोटो आणि दुकानाचा इतिहास सुरू व्हायचा. दहा सेकंद!

तो भाग काढला. आता ३० सेकंद उरले, पण मला थोडी जास्त लांबी हवी होती. तिसाच्या आत गेली असती तर पूर्ण पाहिली की व्ह्यू, म्हणजे मोजपट्टीच बदलली असती आणि जुन्याशी तुलना बिनकामाची.

"मग बाबांचा फोटो शेवटी दोन सेकंद तरी घाल," काका जरा रागातच म्हणाले. झाली ३२.

जुनी आणि नवी एकाच आठवड्यात, एकाच भागात चालवली, कारण दिवाळीनंतर गोडाचं बघायची इच्छाच बदलते. जुनी १९ वरच राहिली, नवी २७ टक्क्यांवर गेली. सरासरी मात्र १४ ची साडेचौदाच झाली. नुसती तीच पाहिली असती तर काहीच फरक नाही म्हणून मी सोडून दिलं असतं.

काकांनी एवढंच विचारलं, "फोटो किती जणांनी बघितला?"

२,७०० च्या आसपास, सांगितलं. आधी तेवढे शेवटापर्यंत पोचतच नव्हते.