मुलाखत की सर्व्हे? इंग्लंडमधल्या आंबेडकरी बौद्धांवरच्या माझ्या पीएचडीतलं पद्धतीचं प्रकरण

महाराष्ट्रातून नोकरी-शिक्षणासाठी इंग्लंडला आलेली आंबेडकरी बौद्ध माणसं आपली धार्मिक ओळख कुठे सांगतात, कुठे सांगत नाहीत आणि घरात ती कशी जपतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. पद्धतीच्या प्रकरणाचा कच्चा खर्डा पाहून माझ्या सुपरव्हायजर मॅडमनी विचारलं, "सर्व्हे का नको? चारशे जणांची उत्तरं हाती आली तर तुझं म्हणणं जास्त भक्कम होईल ना?"

चारशे हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. ५ टक्क्यांच्या आत-बाहेर अचूकता हवी असेल तर साधारण ३८५ जणांचा नमुना लागतो. पण हे गणित नमुना यादृच्छिक असेल तेव्हाच लागू पडतं, आणि त्यासाठी आधी सगळ्यांची यादी हवी. ती कुठून आणायची? इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत २००१पासून धर्माचा ऐच्छिक प्रश्न आहे. त्यात 'बौद्ध' असा एकच चौकोन असतो. श्रीलंकेतून आलेले, थाई, धर्मांतर केलेले गोरे आणि नागपूरचे आम्ही, सगळे त्यातच. शिवाय जनगणनेतून आकडे मिळतात, नावं-पत्ते मिळत नाहीत.

स्थलांतरितांवरच्या सर्व्हेत यावर एक जुना तोडगा वापरतात: आडनावांवरून माणसं शोधायची. आमच्या बाबतीत तो चालत नाही. जाधव, गायकवाड, पवार ही आडनावं मराठ्यांतही आहेत आणि बौद्धांतही. आडनावावरून फोन लावून "तुम्ही बौद्ध का?" असं विचारणं म्हणजे जात विचारणंच. ज्यांनी परदेशात जात मागे टाकायची ठरवली आहे, त्यांना असा फोन करायला माझं मन धजलं नाही, आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीनेही परवानगी दिली नसती. इथल्या कायद्यात धार्मिक श्रद्धेच्या माहितीला जादा संरक्षण आहे.

उरला ऑनलाइन फॉर्म. आंबेडकर जयंतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली की उत्तरं भराभर येतील, पण कुणाची? जयंतीला येणाऱ्यांची. जो ऑफिसात कुणाला काही सांगत नाही आणि ग्रुपमध्येही नाही, तोच माझ्या प्रश्नाच्या मधोमध उभा आहे, आणि तोच गळतो. अशा फॉर्मवर "इतके टक्के बौद्ध ओळख लपवतात" असं लिहिणं निखालस चूक ठरलं असतं.

तरीही एक छोटी प्रश्नावली ओळखीच्या काही जणांना भरायला देऊन पाहिली. "प्रार्थनास्थळी किती वेळा जाता?" या ठरावीक प्रश्नावर एका ताईंनी 'कधीच नाही'वर खूण केली. नंतर त्यांच्याशी बोलत बसले तेव्हा कळलं की जवळपास मराठी विहार नाही, पण दर रविवारी सकाळी भुसावळच्या आईबरोबर व्हिडिओ कॉलवर त्रिसरण-पंचशील होतं आणि मुलगी सोबत म्हणते. बाबासाहेबांचा फोटो मात्र हॉलमध्ये नाही, झोपायच्या खोलीत आहे. "हॉलमध्ये आपले लोक येतात ना," त्या म्हणाल्या. इथे 'आपले लोक' म्हणजे इतर मराठी शेजारी. गोऱ्यांना तो फोटो कुणाचा हे ठाऊकच नसतं, त्यामुळे त्यांची धास्ती नाही. फॉर्ममध्ये ही बाई धर्मापासून दूर गेलेली दिसते. प्रत्यक्षात तिने कुणासमोर काय ठेवायचं हे फार विचार करून ठरवलेलं आहे.

हेच उदाहरण प्रकरणात घातलं आणि मुलाखतींचा निर्णय त्यावर उभा केला. "मुलाखतीत खोली मिळते" एवढ्या वाक्यावर परीक्षक थांबत नाहीत. सर्व्हे नेमका कुठे अडतो, ते आपल्याच लोकांच्या संदर्भात दाखवावं लागतं.

मुलाखतींनाही पारख लागतेच. एकाने दुसऱ्याचा नंबर द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, असं केलं की सगळे एकाच वर्तुळातले निघतात. म्हणून सुरुवात वेगवेगळ्या टोकांपासून केली: जयंतीचे कार्यकर्ते, विद्यार्थी, नर्सेस आणि मराठी मंडळात जाणारे पण जयंतीला न जाणारे. दुसरी अडचण माझीच होती. मी नागपूरच्या बौद्ध घरातली. "जय भीम" म्हटलं की माणसं मोकळी होतात, पण मग "तुला तर माहीतच आहे" म्हणून पुढचं गाळतात. त्यासाठी प्रश्नांच्या कागदावर मी वरच लिहून ठेवलं होतं: "माहीत आहे, तरी तुमच्याकडचं सांगा." बावीस प्रतिज्ञांतली कुठली प्रतिज्ञा इथे पाळायला जड जाते, याची उत्तरं या एका वाक्यामुळे मिळाली.

सर्व्हे अगदीच सोडला नाही. मुलाखत संपल्यावर एक पानी माहितीपत्रक भरून घेतलं: आल्याचं वर्ष, व्हिसाचा प्रकार, विभाग, शिक्षण. ते शेवटी ठेवण्याचं कारण असं की आधी चौकोन भरले की माणूस बोलतानाही चौकोनातच उत्तरं देतो. त्यावर टक्केवारी काढली नाही, आणि मर्यादांच्या भागात स्पष्ट लिहिलं की किती जण असं वागतात हे या अभ्यासातून सांगता येणार नाही.

मॅडमची शेवटची हरकत गुप्ततेवर होती आणि ती मी लगेच मान्य केली. समाज लहान आहे. टोपणनाव दिलं तरी शहर, हुद्दा आणि तालुका एकत्र आले की वाचणारा माणूस ओळखतो. म्हणून तालुके काढून विदर्भ, मराठवाडा, खानदेश एवढंच ठेवलं, आणि फोटोची हकिगत वापरण्याआधी त्या ताईंना तो परिच्छेद वाचून दाखवला. त्यांनी मुलीचं वय काढायला सांगितलं. बाकी राहू दे म्हणाल्या. या लेखातल्या भुसावळच्या उल्लेखालाही त्यांची परवानगी आहे.