रांजणवाडी नव्हती ती

पावसाळा लागला की खानापुरात माझ्या दवाखान्याच्या बाकावर लाल डोळेवाले वाढतात. कुणाचे डोळे आलेले, कुणाच्या डोळ्यात रोप लावताना चिखल उडालेला, आणि रांजणवाड्या तर बारमाही. त्या सकाळी पहिलीच पेशंट कॉलेजातली मुलगी होती. खालच्या पापणीच्या कडेला, केसांच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. नेमकं तिथं बोट लावलं की "आई गं" म्हणायची, बाकी कुठं दाबलं तर काही नाही. ताप नाही, दिसायला स्वच्छ, डोळा चारी बाजूंना आरामात फिरत होता. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं कोमट पाण्याच्या घडीनं शेक आणि पिळायचं नाही, एवढं सांगून तिला पाठवलं. औषधसुद्धा लिहिलं नाही.

तिच्या मागोमाग नंदगडच्या बाजूची एक आज्जी नातवाला कडेवर घेऊन आत आली. सात वर्षांचं पोर कडेवर बसायच्या वयाचं नसतं, त्यामुळे ते आजारी आहे हे बघताक्षणीच कळलं. डावा डोळा पूर्ण मिटलेला, वरची पापणी जांभळट लाल आणि तकतकीत, तिच्यावर काहीतरी तपकिरी वाळलेलं.

"रांजणवाडी आलीया डाक्टर. लवंग उगाळून लावली, खारकेची बी लावली, मेडिकलातनं ट्यूब आणून घातली. उतरंना झालीया बघा."

"ताप कधीपासून आहे, आज्जी?"

"ताप काल रातच्याला आला. पण ते सर्दीनं. आठ-धा दिस नाक वाहतंय त्याचं."

सर्दीला दहा दिवस होत आले, नाकातून पिवळं-हिरवं येतंय, आणि मग एकाएकी ताप आणि डोळा. हा क्रम ऐकला की मी लेखणी खाली ठेवतो. थर्मामीटरनं १०२.४ दाखवला. पापणीच्या कडेवरून हलकेच बोट फिरवून बघितलं, गाठ कुठंच लागली नाही. सूज सगळीकडे सारखी होती, आणि आज्जीच्या म्हणण्याप्रमाणे ती सुरू झाली होती नाकाकडच्या कोपऱ्यातून. रांजणवाडी मोठी झाली तरी तिला एक बिंदू असतो, जिथं बोट ठेवून पोर सांगतं "हितं दुखतंय". या पोराला विचारलं तर त्यानं अख्ख्या डोळ्यावर पंजा ठेवला.

पण नुसत्या पापणीवरून पुढचा निर्णय करता येत नाही. पापणीच्या आत, हाडाच्या कडेपासून निघालेला एक पातळ, चिवट पडदा असतो. संसर्ग त्या पडद्याच्या पुढं असेल तर सुजते ती फक्त पापणी. गोळ्या-औषधांवर आणि रोजच्या तपासणीवर बहुतेकदा भागतं. पडद्याच्या मागं, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत असेल, तर तिथं डोळा हलवणारे स्नायू आहेत, मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस आहे, आणि पसरायला जागा नाही, कारण बाकी सगळीकडून हाड आहे. बाहेरून दोन्ही पापण्या सारख्याच दिसतात. फरक मिटलेल्या पापणीमागं असतो, म्हणून ती उघडावीच लागते.

रडणाऱ्या पोराची सुजलेली पापणी उघडणं हे काम घाईचं नाही. आधी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पाजलं आणि त्याला आज्जीच्या मांडीवर अर्धा तास बसू दिलं. ताप थोडा उतरल्यावर पोर जरा ऐकायच्या मनस्थितीत आलं. मग आडवं झोपवून आज्जीनं डोकं धरलं. मी बोटांना गॉज गुंडाळला, कारण तेलकट पापणी बोटातून सटकते, आणि एक बोट भुवईखालच्या हाडावर, दुसरं गालाच्या हाडावर टेकवून पापण्या अलग केल्या. जोर हाडावर पडला पाहिजे, डोळ्याच्या बुबुळावर अजिबात नाही.

फट उघडली तसा पांढऱ्या भागावरचा पडदा पाणी भरल्यासारखा फुगून वर आलेला दिसला. साध्या पापणीच्या सुजेत आतला डोळा बहुतेक पांढरा आणि शांत असतो. हा नव्हता.

आता डोळा फिरवून बघायचा. "मान न हलवता आज्जीच्या बांगड्यांकडं बघ." आज्जीनं हात डावीकडे नेला, डोळा गेला. वर नेला, गेला, पण पोरानं तोंड वाकडं केलं. उजवीकडे, म्हणजे नाकाच्या बाजूला नेला, तेव्हा उजवा डोळा पूर्ण फिरला आणि डावा अर्ध्या वाटेत थांबला. पोर किंचाळलं. मी पापणी सैल धरली होती, म्हणजे दुखलं ते माझ्या बोटांनी नव्हे. खात्री करायला त्याला दोन्ही डोळे मिटायला लावले आणि मिटल्या डोळ्यांनीच उजवीकडं बघ म्हटलं. पुन्हा तेच.

मग उशाशी उभा राहून कपाळाच्या वरून खाली बघितलं. असं बघितलं की दोन्ही डोळ्यांचे उंचवटे एका रेषेत आहेत का ते कळतं. समोरून बघताना सूज फसवते. डावा जरासा पुढं आणि बाहेरच्या बाजूला ढकललेला होता. नाकाच्या बाजूनं काहीतरी रेटतंय.

शेवटचं राहिलं ते सर्वात महत्त्वाचं, नजर. उजवा डोळा झाकून बोटं मोजायला लावली, बरोबर मोजली. पेनचं लाल टोपण आळीपाळीनं दोन्ही डोळ्यांना दाखवलं; दृष्टीची नस दबली की लाल रंग त्या डोळ्याला फिका, मळकट दिसतो. पोर म्हणालं, "दोन्हीकडं सारखाच लाल हाय." टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झपकन नेला, दोन्ही बाहुल्या तितक्याच आकसल्या. प्रकाश टाकल्यावर डावी बाहुली आकसण्याऐवजी मोठी होऊ लागली असती तर नस दबायला लागली असं धरून मी पहिला फोनच ऑपरेशन थिएटर तयार ठेवा म्हणून केला असता. ती तशी झाली नाही. म्हणजे वेळ हातात होता, पण तो काही तासांचा होता, दिवसांचा नव्हता.

इतकं सगळं दाखवणारं पोर मिळालं हे नशीब. कित्येकदा दोन-तीन वर्षांचं मूल असतं, पापणी उघडतच नाही, रंग सांगायचा प्रश्नच नाही. अशा वेळी मी 'काही सापडलं नाही' असं लिहीत नाही, 'बघता आलं नाही' असं लिहितो आणि ते गंभीर धरूनच पुढं पाठवतो.

तोवर पोराचा बाप आला, वीटभट्टीवरून तसाच, विटांच्या धुळीनं माखलेला.

"एक सुई मारा की डाक्टर. बेळगाव कशाला? रांजणवाडीला कोण बेळगावला जातंय?"

"ही रांजणवाडी नाही. नाकाच्या बाजूच्या पोकळीत पू झालाय आणि तो डोळ्याच्या खोबणीत उतरतोय. मध्ये हाडाचा पडदा कागदाएवढा पातळ असतो. ट्यूबमधलं औषध तिथवर पोचत नाही."

"डोळा काढत्यात काय?"

"तो राहावा म्हणूनच आत्ता जायचं."

डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या शिरांतून संसर्ग मागं जाऊन तिथल्या शिरेत गुठळी करू शकतो, मेंदूच्या आवरणालाही सूज येऊ शकते. हे बापाला सगळं सांगितलं नाही. घाबरलेल्या माणसाला एकच वाक्य लक्षात राहतं, ते कामाचं असावं. मी सांगितलं, "वाटेत डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या, पोर गुंगायला लागलं किंवा दुसरा डोळाही सुजला तर गाडीतल्या माणसाला लगेच सांगा."

औषधाची ॲलर्जी नाही हे विचारून सलाईनची सुई लावली. वजन वीस किलो, म्हणून अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन एक ग्रॅम, किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या हिशोबानं, सावकाश शिरेतून दिलं. पहिला डोस इथंच दिला की प्रवासात आणि केसपेपर काढण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. १०८ ला फोन केला आणि बेळगावच्या नेत्रतज्ज्ञांशी बोललो. चिठ्ठीवर 'डोळा सुजलाय, कृपया पहावे' असं न लिहिता नजर, बाहुली, लाल रंग, कुठल्या दिशेला किती फिरतो आणि हे सगळं किती वाजता बघितलं ते लिहिलं. पुढच्या डॉक्टरला चार तासांनी डोळा बिघडला की तसाच आहे हे त्यावरून ठरवायचं असतं.

दुपारी सीटी झाला. नाक आणि डोळा यांच्यामधली इथमॉइड सायनस पूर्ण भरलेली, आणि खोबणीच्या आतल्या भिंतीला, हाड आणि त्यावरचं आवरण यांच्यामध्ये पुवाची छोटी पट्टी. लगेच ऑपरेशन झालं नाही, आणि यावर बाप तिथंही भांडला म्हणे: "पू दिसतोय तर काढत का न्हाई?" त्यामागं कारण आहे. साधारण नऊ वर्षांखालच्या मुलात, पू थोडा असेल, आतल्या भिंतीलाच असेल आणि नजर उत्तम असेल, तर तो बहुधा शिरेतल्या औषधानं विरतो. मोठ्या मुलांत आणि माणसांत अनेक जातींचे जंतू एकत्र असतात, हवेशिवाय वाढणारेही असतात, तिथं चाकू लवकर लागतो. याला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसोबत व्हॅन्कोमायसिन चालू झालं आणि दर काही तासांनी नजर आणि बाहुली तपासायची ठरली. नजर उतरली, बाहुली बिघडली किंवा ४८ तासांत सुधारणा नसेल तर उघडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाचा फोन. "डाक्टर, डोळा जास्तच सुजलाय!" तिथल्या नेत्रतज्ज्ञांना विचारलं. ताप रात्रीतच उतरला होता, नजर होती तशी होती आणि पोर उजवीकडे बघताना आता किंचाळत नव्हतं. पापणीची सूज पहिल्या दिवशी औषध लागू पडत असतानाही वाढलेली दिसू शकते. तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हालचालीवर ठेवायचा. तिसऱ्या दिवशी पापणी स्वतःहून उघडली. ऑपरेशन लागलं नाही.

आठवड्याभरात घरी सोडलं, तोंडानं घ्यायचं औषध आणखी दोन आठवडे लिहून. चार-पाच दिवसांनी आज्जी बाटली घेऊन माझ्याकडे आली. डोळा बघून तर कुणी म्हणालं नसतं काही झालं होतं म्हणून.

"आता बरा झालाय नव्हं. हे बंद करू काय? त्याला जुलाब व्हायलेत."

जुलाब किती, ते विचारलं. दिवसाला दोन, पातळ, रक्त नाही. औषध जेवणानंतर द्यायला सांगितलं, ओआरएसची दोन पाकिटं दिली, आणि बाटली संपेपर्यंत थांबवायचं नाही असं बजावलं. सायनसमधला पू डोळ्यापेक्षा सावकाश जातो. नाक-कान-घसावाल्यांकडची तारीखही चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिली, कारण सर्दीचं मूळ तिथंच बघायचं होतं.

"आन लवंगेनं काय झालं न्हवतं ना, डाक्टर?"

"लवंगेनं कातडी भाजली होती, आज्जी. डोळ्याला तिनं काही केलं नाही."