पाच जोडण्यांचे काम आणि नऊशे जोडण्यांची मागणी

शेतकऱ्यांना बाजार समित्यांमधले कांद्याचे भाव मोबाइलवर कळवणाऱ्या एका सेवेचे सर्व्हरचे काम मी पुण्यातून पाहत होतो. लासलगाव, पिंपळगाव आणि आसपासच्या बाजारांतल्या सकाळच्या लिलावाचे पहिले भाव हाती आले की ते आम्ही सूचनेद्वारे पाठवत असू. ट्रॅक्टर भरून वाटेवर असलेला माणूस त्या भावांवरून कोणत्या बाजाराकडे वळायचे ते ठरवतो. तासाभराने तोच आकडा त्याच्या काही उपयोगाचा नसतो.

आमची सगळी रचना अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेच्या मुंबई विभागात होती. मोबाइलवरून येणारी प्रत्येक विनंती एका लॅम्डा फंक्शनकडे, म्हणजे मागणीनुसार एडब्ल्यूएस ज्याच्या प्रती उभ्या करते अशा छोट्या कार्यक्रमाकडे, जाई आणि ते फंक्शन पोस्टग्रेस डेटाबेसला तीन प्रश्न विचारी: आजचा भाव, गेल्या सात दिवसांचे भाव आणि आजची आवक. पूर्वी सूचना लहान लहान गटांनी अर्ध्या तासात जात असत. एका सोमवारी आम्ही नवी पाठवणी यंत्रणा सुरू केली आणि सुमारे नव्वद हजार फोनांवर सूचना दोन मिनिटांत पोहोचली. शेतकऱ्यांची मागणीही तीच होती, की भाव सगळ्यांना एकाच वेळी कळावा.

तिसऱ्या मिनिटाला मदतकेंद्राचा फोन वाजला. निफाड तालुक्यातले एक शेतकरी विचारत होते, "साहेब, सूचना आली, पण उघडली की नुसतं चाक फिरतंय. गाडी पुढं न्यायची का थांबवायची?" त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. फंक्शनच्या नोंदींमध्ये एकच ओळ शेकडो वेळा उमटत होती:

```
FATAL: remaining connection slots are reserved for
non-replication superuser connections
```

डेटाबेसच्या जोडण्या संपल्या, एवढाच तिचा अर्थ. मी स्वतः डेटाबेसमध्ये शिरू पाहिले, तर मलाही हाच संदेश मिळाला. सुदैवाने माझ्या सहकारी मैत्रिणीने सकाळपासून एक सत्र उघडे ठेवले होते आणि ते अजून जिवंत होते. त्या सत्रातून तिने विचारले:

```sql
SELECT state, count(*) FROM pg_stat_activity
WHERE usename = 'bhav_app' GROUP BY state;
```

उत्तर पाहून आम्ही दोघेही गप्प झालो. सुमारे ३८० जोडण्या `idle` होत्या आणि `active` केवळ सहा. बाहेर हजारो लोक ताटकळत होते आणि आत डेटाबेस जवळजवळ रिकामा बसला होता. जागा सगळ्या अडलेल्या होत्या, काम मात्र कोणीच करत नव्हते.

गर्दी थांबवल्याशिवाय काही सुधारणार नव्हते, म्हणून आमच्या प्रमुखांना विचारून मी फंक्शनची राखीव समांतर मर्यादा, म्हणजे एका वेळी त्याच्या किती प्रती चालू शकतात तो आकडा, शून्यावर आणली. त्यामुळे नव्या विनंत्या दारातच परत जाऊ लागल्या. मग सहकारी मैत्रिणीने `pg_terminate_backend` वापरून रिकाम्या जोडण्या तोडल्या, आणि मर्यादा आधी ५० व नंतर १०० करत आम्ही सेवा हळूहळू उघडली. एकूण बावीस मिनिटे गेली. त्या दिवशीच्या पहिल्या लिलावासाठी ती फार होती.

दुपारी आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. घटनेपेक्षा तो हिशेबच मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

लॅम्डा फंक्शनची एक प्रत एका वेळी एकच विनंती हाताळते. म्हणून एकाच क्षणी किती प्रती लागतील हे दर सेकंदाच्या विनंत्यांना प्रत्येक विनंतीच्या वेळेने गुणले की कळते. गर्दीच्या शिखरावर सेकंदाला सुमारे ३०० विनंत्या येत होत्या. प्रत आधीच तयार असेल आणि तिची जोडणी उघडी असेल, तर भावाचा आलेख काढण्यासकट एक विनंती ०.१ सेकंदात संपते. त्या हिशेबाने ३० प्रती पुरेशा होत्या. पण सूचना एकदम गेल्यामुळे पहिल्या सेकंदात तयार प्रती जवळजवळ नव्हत्याच. प्रत्येक नवी प्रत उभी राहायला आणि तिने डेटाबेसशी जोडणी करायला मिळून साधारण एक सेकंद लागत होता. वेळ दहापट झाला म्हणून प्रतीही दहापट, म्हणजे ३०० झाल्या.

प्रत्येक प्रतीत जोडण्यांचा स्वतंत्र पूल, म्हणजे उघड्या ठेवून पुन्हा वापरायच्या जोडण्यांचा साठा, होता. कायम चालणाऱ्या सर्व्हरवर असा पूल उपयोगी पडतो, कारण तिथे एक प्रक्रिया शेकडो विनंत्या सांभाळते. लॅम्डात मात्र एका प्रतीचा पूल दुसऱ्या प्रतीला दिसत नाही. आमचा कोड तीनही प्रश्न एकदम विचारत असल्याने तो पूल तीन जोडण्या उघडत असे. तीनशे प्रती आणि प्रत्येकी तीन जोडण्या, म्हणजे मागणी ९०० ची झाली. आमच्या ४ जीबी मेमरीच्या डेटाबेसची मर्यादा सुमारे ४०० होती, कारण एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा आरडीएस ही मर्यादा डेटाबेसला मिळणाऱ्या मेमरीच्या बाइटना ९५३१३९२ ने भागून ठरवते. सुमारे १३० प्रती उभ्या राहताच जागा संपल्या.

यात भर घालणाऱ्या दोन गोष्टी होत्या. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रक्रिया उभी करते आणि एन्क्रिप्शनची जुळणी व पासवर्ड पडताळणीही तेव्हाच होते. शेकडो जोडण्या एकाच वेळी आल्याने आमच्या दोन कोअरच्या यंत्रावर तेवढ्यानेच ताण आला, प्रत्येक जोडणीला अधिक वेळ लागला आणि त्या वाढलेल्या वेळामुळे आणखी प्रती उभ्या राहिल्या. शिवाय आमचे अ‍ॅप अपयशी विनंती न थांबता दोनदा पुन्हा पाठवत असे. ज्यांना उत्तर मिळाले नाही, त्यांच्या विनंत्या अशा तिप्पट झाल्या.

रिकाम्या जोडण्या सुटत का नव्हत्या, हे कोडे मात्र मला संध्याकाळपर्यंत उलगडले नाही. आमच्या पूलमध्ये जोडणी दहा सेकंद वापराविना राहिली की बंद करण्याची सोय होती. पण विनंती संपताच लॅम्डा त्या प्रतीला गोठवून ठेवते. गोठलेल्या प्रतीचे घड्याळ चालत नाही, त्यामुळे ते दहा सेकंद कधी पूर्णच होत नाहीत. डेटाबेसच्या बाजूने जोडणी शाबूत दिसते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कोणी जागे नसते.

आमच्या प्रमुखांनी विचारले, "डेटाबेसचं यंत्र दुप्पट मोठं घेतलं तर भागेल का?" मी त्यांना शेवटचा आकडा दाखवला. "सर, तीनही प्रश्न मिळून डेटाबेसचे फक्त १५ मिलिसेकंद जातात. सेकंदाला ३०० विनंत्या धरल्या तरी एका क्षणी सरासरी साडेचार जोडण्याच खरोखर कामात असतात." यंत्र दुप्पट केले असते तर मर्यादा आठशेच्या आसपास गेली असती, म्हणजे नऊशेला तरीही कमीच. लागत होत्या पाच जोडण्या, आणि प्रत्येक प्रत आपल्या जोडण्या कामाविना धरून बसत होती. म्हणून जोडणी एखाद्या प्रतीच्या मालकीची न राहता फक्त डेटाबेसच्या एका व्यवहारापुरती, म्हणजे एकत्र पूर्ण होणाऱ्या कामापुरती, उसनी मिळावी, अशी सोय मधे हवी होती.

तोवरची तजवीज म्हणून त्याच रात्री आम्ही प्रतीमागे एकच जोडणी आणि एकूण २०० प्रती अशी मर्यादा घातली. तीन प्रश्न एकामागून एक विचारल्याने विनंतीमागे दहा मिलिसेकंद वाढले. ते कोणाच्या लक्षातही आले नसते. परंतु २०० च्या पुढच्या विनंत्या नाकारल्या जात होत्या, म्हणून हे उत्तर पुरेसे नव्हते.

मधल्या सोयीसाठी दोन पर्याय होते. पोस्टग्रेसच्या जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सर मी आधीच्या कामात वापरला होता. `pool_mode = transaction` ठेवले की तो प्रत्येक व्यवहारापुरती जोडणी देतो आणि परत घेतो. मात्र त्यासाठी वेगळी यंत्रे आम्हालाच सांभाळावी लागली असती, आणि `max_client_conn` चे मूळ मूल्य १०० आहे हे विसरले तर तोच नवा अडथळा ठरतो. आम्ही तिघेच होतो, म्हणून पैसे अधिक मोजून तेच काम करणारी, एडब्ल्यूएसच सांभाळत असलेली आरडीएस प्रॉक्सी घेतली. डेटाबेसच्या मर्यादेच्या २० टक्के, म्हणजे सुमारे ८० जोडण्या, तिला वापरू द्यायच्या असे ठरवले. जोडणीसाठी थांबण्याची मुदत मुळात १२० सेकंदांची असते. आम्ही ती ५ सेकंदांवर आणली, कारण दोन मिनिटे रांगेत थांबून मिळालेला भाव कोणीच पाहिला नसता.

पहिल्या चाचणीत निराशा पदरी पडली. प्रॉक्सी मधे असूनही डेटाबेसवरच्या जोडण्या प्रतींच्या संख्येबरोबर चढत गेल्या आणि ८० वर पोहोचताच विनंत्या रखडू लागल्या. `DatabaseConnectionsCurrentlySessionPinned` या मापकाचा आलेख पाहिला, तर तोही जवळजवळ ८० वरच होता. जोडणीवर एखादे सत्रापुरते बदल करणारे वाक्य चालले की ती जोडणी दुसऱ्याला देणे प्रॉक्सीला सुरक्षित वाटत नाही, म्हणून ती एकाच ग्राहकाला बांधून ठेवते. आमचा कोड प्रत्येक नव्या जोडणीवर सर्वप्रथम वेळेचा पट्टा ठरवत होता:

```sql
SET timezone = 'Asia/Kolkata';
```

वर्षभरापूर्वी ही ओळ मीच लिहिली होती. ती कोडमधून काढून तीच गोष्ट आम्ही डेटाबेसमध्ये वापरकर्त्याच्या पातळीवर एकदाच नेमून दिली:

```sql
ALTER ROLE bhav_app SET timezone = 'Asia/Kolkata';
```

पुढच्या चाचणीत तो मापक शून्यावर आला. रात्रीचा बेरजांचा कार्यक्रम `pg_advisory_lock` हे कुलूप वापरतो आणि त्यानेही जोडणी बांधली जाते, म्हणून तो आम्ही प्रॉक्सीतून न नेता थेट डेटाबेसलाच जोडलेला ठेवला. अ‍ॅपमध्येही पुन्हा विनंती पाठवण्याआधी वाढत जाणारा आणि प्रत्येक फोनवर वेगळा असा थांबा घातला.

नऊ दिवसांनी प्रतींवरची मर्यादा काढून आम्ही सूचना पुन्हा एकदम पाठवली. प्रॉक्सीकडे एका क्षणी २१० प्रती जोडलेल्या होत्या आणि डेटाबेसवरच्या जोडण्या २६ च्या पुढे गेल्या नाहीत. प्रॉक्सीमुळे प्रत्येक प्रश्नाला काही मिलिसेकंद अधिक लागतात, ते आम्ही मान्य केले आहे.

त्याच आलेखात एक बारीक उंचवटा मात्र राहिला होता. नव्या शेतकऱ्याची नोंदणी करणारे फंक्शन व्यवहार उघडून एसएमएस सेवेच्या उत्तराची दोन सेकंद वाट पाहते आणि मगच `COMMIT` करते. त्या दोन सेकंदांत ती जोडणी प्रॉक्सीही इतर कोणाला देऊ शकत नाही. एसएमएस पाठवणे व्यवहाराच्या बाहेर काढण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे.